वीजकेंद्रापासून घरातल्या सॉकेटपर्यंत वीज कशी येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेच्या प्रवासाबद्दल लोक जे विचारतात त्यातले बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: तारेतून करंट किती वाहतो आणि त्या तारेचा रोध किती. म्हणून इथे सगळं थोडं थोडं सांगण्यापेक्षा हा एकच धागा धरला आहे. आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची व्यवस्था धरून दिले आहेत. काही देशांत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात. तिथे आकडे बदलतात, कारणं तीच राहतात.

वीजकेंद्रात वीज किती व्होल्टची तयार होते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच कमी. मोठ्या जनित्रातून साधारण ११ ते २५ हजार व्होल्ट मिळतात. याहून फार वर जाता येत नाही, कारण जनित्राची तांब्याची वेटोळी पोलादी गाभ्याच्या अरुंद खाचांमध्ये बसवलेली असतात. व्होल्टेज वाढवायचं तर वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन जाड करावं लागतं आणि मग खाचेत तांब्यालाच जागा उरत नाही.

आपण ५०० मेगावॅटचा एक संच घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जाऊ. त्याचं जनित्र २१ हजार व्होल्ट, म्हणजे २१ केव्ही देतं असं धरू. वाफेवर चालणारं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. दोन ध्रुवांचं चुंबक एका फेऱ्यात विजेचं एक आवर्तन पुरं करतं, म्हणून ५० हर्ट्झ. चुंबकाभोवती वेटोळ्यांचे तीन संच एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेले असतात, त्यांतून तीन फेज बाहेर पडतात.

या घडीला प्रत्येक फेजमध्ये सुमारे १३,७५० ॲम्पिअर वाहत असतात. एवढ्या करंटसाठी तार पुरत नाही. जनित्रापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत ॲल्युमिनियमच्या जाड पोकळ नळ्या नेतात, आणि प्रत्येक नळीभोवती वेगळं आवरण असतं. ट्रान्सफॉर्मरही इमारतीला जवळजवळ खेटूनच ठेवतात. एवढ्या करंटला दूर नेणं परवडत नाही, हे तिथेच दिसतं.

मग व्होल्टेज वाढवून नेमकं काय साधतं?

हिशेब करून बघू. तीच ५०० मेगावॅट वीज २०० किलोमीटर न्यायची आहे. लाइनच्या प्रत्येक फेजचा रोध किलोमीटरला ०.०३ ओहम धरू. प्रत्येक फेजमध्ये दोन जाड तारा जोडीने ओढल्या की रोध साधारण एवढाच भरतो. म्हणजे २०० किलोमीटरला ६ ओहम.

व्होल्टेज ४०० केव्ही केलं की करंट उतरतो ७२२ ॲम्पिअरवर. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. तिन्ही फेज मिळून ती होते सुमारे ९.४ मेगावॅट. ५०० पैकी साडेनऊ गेले, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत.

आता व्होल्टेज न वाढवता २१ केव्हीनेच पाठवायचं म्हणा. करंट १३,७५०, रोध तोच ६ ओहम. उत्तर येतं ३,४०० मेगावॅट! पाठवायचे ५००, आणि तारेत जाळायला हवेत ३,४००. याचा अर्थ असा की त्या तारेतून त्या व्होल्टेजला एवढी वीज पलीकडे पोचणारच नाही. तोटा पुन्हा दोन टक्क्यांवर आणायचा तर तारेचा छेद ३६० पट मोठा करावा लागेल. व्होल्टेज १९ पट वाढवल्याने करंट १९ पट घटला, आणि तोटा १९ गुणिले १९ पट. सगळी किमया त्या वर्गात आहे.

व्होल्टेज वाढवलं की करंटही वाढायला हवा ना? ओहमचा नियम तसंच सांगतो.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणाऱ्याने शाळेत नीट लक्ष दिलेलं असतं. चूक फक्त एवढीच होते की ओहमच्या नियमात ४०० केव्ही हा आकडा घातला जातो.

तारेच्या ६ ओहमला ओहमचा नियम लावायचा तर व्होल्टेज घ्यायचं ते त्या तारेच्या दोन टोकांमधलं. अलीकडच्या टोकाला किती, पलीकडच्या टोकाला किती, यातला फरक. ७२२ ॲम्पिअर गुणिले ६ ओहम म्हणजे सुमारे ४.३ केव्ही. तारेच्या वाट्याला एवढेच येतात. ४०० केव्ही हे दोन फेजमधलं व्होल्टेज आहे. एका फेजचं जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज २३१ केव्ही. २३१ मधले ४.३ वाटेत पडले, म्हणजे पुन्हा दोन टक्क्यांच्या आत. वरच्या हिशेबाशी हे बरोबर जुळतं.

आणि करंट किती वाहणार हे कोण ठरवतं? पलीकडे वीज वापरणारे. त्यांना ५०० मेगावॅट हवी आहे. ती जास्त व्होल्टेजने आली तर कमी करंट पुरतो.

खरं सांगायचं तर लांब लाइनमध्ये रोधापेक्षा तारेभोवतीच्या चुंबकक्षेत्रामुळे येणारा अडथळा जास्त असतो. त्यानेही व्होल्टेज पडतं, पण त्यात वीज जळत नाही, म्हणून इथे तो बाजूला ठेवला आहे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो म्हणजे नक्की काय करतो?

एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी. पहिल्यातून उलटसुलट होणारा करंट गेला की गाभ्यात चुंबकत्व वाढतं, कमी होतं, उलटं होतं. या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट हीच. प्रत्येक वेढ्याला ठरावीक व्होल्ट मिळतात, त्यामुळे दुसरीकडे वेढे जास्त तर व्होल्टेज जास्त, आणि त्याच प्रमाणात करंट कमी. दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा सांधा नसतो. वीज एकीकडून दुसरीकडे जाते ती चुंबकत्वाच्या वाटेने.

बदल नसेल तर काहीच घडत नाही, म्हणून हे यंत्र डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर, चालत नाही; त्याला उलटसुलट होणारा करंट, म्हणजे एसी, लागतो. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते ११० व्होल्ट डीसीचं. त्याची वीज मैलभराच्या पलीकडे नेणं परवडत नसे. पुढे १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टला १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची एसी वीज नेऊन दाखवली, तिथून चित्र बदललं. (आज फार लांबच्या आणि समुद्राखालच्या मार्गांवर डीसी परत आला आहे, पण त्याचं व्होल्टेज बदलायला दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं मोठं केंद्र बांधावं लागतं.)

ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं की जी घूं ऐकू येते ती गाभ्याची असते. चुंबकत्वाने लोखंडाच्या पट्ट्यांची लांबी अगदी किंचित बदलते. प्रत्येक आवर्तनात हे दोनदा होतं, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ९९ टक्क्यांहून जास्त असते. तरी ५०० मेगावॅटच्या अर्ध्या टक्क्याचे सुद्धा अडीच मेगावॅट होतात, आणि ती उष्णता बाहेर काढायला तेल, रेडिएटर आणि पंखे लागतात. तेलात ओल शिरली की इन्सुलेशन बिघडतं. म्हणून तेलाची टाकी ज्या नळीतून श्वास घेते तिच्या तोंडाशी सिलिका जेलची बरणी लावतात. जेल बहुतेक ठिकाणी निळं असतं आणि ओल शोषून गुलाबी पडतं. उपकेंद्रात शिरल्यावर जुन्या माणसाची नजर आधी त्या बरणीकडे जाते.

मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा उघड्या कशा चालतात?

त्यांचं इन्सुलेशन म्हणजे भोवतालची हवा. तार मनोऱ्याला लागू नये म्हणून काचेच्या किंवा चिनी मातीच्या चकत्यांची माळ लावतात. ४०० केव्हीच्या माळेत साधारण वीस-बावीसच्या पुढे चकत्या असतात, १३२ केव्हीला नऊ-दहा. लाइन कितीची आहे याचा अंदाज रस्त्यावरून चकत्या मोजूनही येतो. दमट हवेत येणारी चरचर तारेलगतची हवा फुटल्याची असते.

४०० केव्हीवरून एकदम २३० व्होल्ट का नाही करत?

गल्लीच्या कोपऱ्यावर ४०० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा म्हटलं तर त्याचे नुसते इन्सुलेटरच माणसापेक्षा उंच होतील, आणि तारांभोवती मोकळी सोडायची जागा गल्लीत मावणार नाही. शिवाय गल्लीला हवी असते शंभर-दोनशे किलोवॅट वीज.

म्हणून वाट पायरीपायरीने उतरते. ४०० केव्हीवरून २२० किंवा १३२, मग ३३, मग ११ केव्ही. ११ केव्हीचा फीडर वस्तीत येतो आणि ज्याला बोलताना डीपी म्हणतात त्या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे रोहित्रावर चढतो. पुढे चारशे-सव्वाचारशे व्होल्टची लाइन. प्रत्येक पायरीला वीज वाटली जाते, अंतर घटतं, त्यामुळे कमी व्होल्टेज चालून जातं.

वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन माझ्या सॉकेटपर्यंत यायला किती वेळ लागतो?

तो येतच नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ५ ॲम्पिअर जात असतील तर इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा असतो. त्यातही एसीत ते सेकंदाच्या शंभराव्या भागात मागे वळतात. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरात जागच्या जागी डोलत राहतात. शिवाय वाटेतल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेचा सांधा तुटलेलाच आहे. पोचते ती ऊर्जा, तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकक्षेत्रातून, प्रकाशाच्या वेगाच्या आसपास. हजार किलोमीटरला तिला तीन-चार मिलिसेकंद लागतात. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी दूरवरच्या टर्बाइनवर तुमच्या दिव्याचा भार पडलेला असतो.

११ केव्हीच्या खांबावर तीनच तारा दिसतात. आमच्या गल्लीत चार कशा?

चौथी न्यूट्रल. रोहित्राच्या घराकडच्या बाजूला तीन वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधतात. त्या गाठीतून न्यूट्रल निघते आणि तिथेच ती जमिनीत अर्थ केलेली असते. कोणतीही फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट, कोणत्याही दोन फेजमध्ये ४००. दुप्पट म्हणजे ४६० होत नाहीत, कारण दोन्ही फेज एकाच वेळी शिखरावर नसतात. गुणक येतो १.७३. गल्लीत पाचवी तार दिसली तर बहुधा ती रस्त्याच्या दिव्यांची असते.

घरं तिन्ही फेजवर वाटून दिलेली असतात. भार सारखा वाटला गेला असेल तर तिन्ही फेजचे परतीचे करंट गाठीपाशी एकमेकांना खोडतात आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. प्रत्यक्षात भार कधीच इतका सारखा नसतो.

एक बारीक गोष्ट. रोहित्र मुद्दामच थोडं चढं व्होल्टेज देईल असं बनवतात. पुष्कळ रोहित्रांवर ४३३ व्होल्ट लिहिलेलं दिसेल, म्हणजे भार नसताना फेज ते न्यूट्रल २५०. वाटेत काही व्होल्ट पडणार हे आधीच धरलेलं असतं. म्हणून डीपीच्या शेजारच्या घरात २४५ आणि लाइनच्या टोकाच्या घरात २१५ मिळणं हे एकाच रोहित्रावर रोज घडतं.

मोटर सुरू झाली की दिवे क्षणभर मंद का होतात?

ओहमचा नियम इथेही तोच, फक्त आता तो तुमच्या अंगणात आला आहे. रोहित्रापासून ३०० मीटरवरचं टोकाचं घर घ्या. जातानाची फेज, येतानाची न्यूट्रल आणि खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर मिळून अर्धा ओहम रोध सहज होतो. मोटर चालू असताना ८ ॲम्पिअर घेते, म्हणजे वाटेत ४ व्होल्ट पडतात. ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण थांबलेली मोटर फिरायला लागताना तिचा करंट पाच-सहा पट असतो. ४८ ॲम्पिअर गुणिले अर्धा ओहम, २४ व्होल्ट. २३० चे २०६ झाले की दिवा डोळा मिचकावतो.

४०० केव्हीच्या २०० किलोमीटरमध्ये आपण दोन टक्के गमावले होते. इथे ३०० मीटरमध्ये, एकट्या घराच्या ८ ॲम्पिअरवरच, जवळपास तेवढेच गेले. त्याच लाइनवर आणखी वीस घरं असली की तोटा किती वाढत असेल याचा अंदाज करा. वहनातला तोटा म्हटलं की लोक उंच मनोऱ्यांकडे बोट दाखवतात. मी आधी गल्लीतल्या बारीक तारांकडे आणि सैल जम्परकडे, म्हणजे खांबावर तारा एकमेकींना जोडणाऱ्या तुकड्यांकडे बघेन.

दोष घरातला की बाहेरचा, हे ओळखायला सोपं आहे. तुमच्या मोटरने शेजाऱ्याचेही दिवे मंदावत असतील तर रोध दोघांच्या सामाईक लाइनमध्ये आहे. फक्त तुमचेच मंदावत असतील तर सर्व्हिस वायर किंवा घरातलं वायरिंग. एकाच खोलीतले मंदावत असतील तर त्या खोलीच्या तारेत किंवा सांध्यात.

शेजारच्या घरात दिवे मंद झाले आणि त्याच वेळी आमचा टीव्ही जळाला. हे एकाच वेळी कसं शक्य आहे?

न्यूट्रल तुटली की असंच होतं. सगळ्यात फसवा बिघाड हाच, कारण वीज जात नाही, उलट कुठे कुठे वाढते.

दोन घरं घेऊ. पहिलं एका फेजवर, त्यात १,००० वॅटचा हीटर चालू. दुसरं दुसऱ्या फेजवर, त्यात टीव्ही आणि दिवे मिळून १०० वॅट. सोय म्हणून तिसऱ्या फेजवरचं घर बंद आहे असं समजू. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत दोघांना आपापले २३० मिळतात. हीटरचा रोध भरतो ५३ ओहम, आणि टीव्ही-दिव्यांचा, तेही साध्या रोधासारखे वागतात असं धरलं तर, ५३० ओहम.

आता रोहित्राकडून येणारी न्यूट्रल या घरांच्या अलीकडे तुटली. पहिल्या घराचा करंट परत जायला वाट शोधतो आणि ती त्याला दुसऱ्या घरातून सापडते. दोन्ही घरं एकामागोमाग एक जोडली जाऊन दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर बसतात. व्होल्टेजची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते: हीटरला ३६, टीव्हीला ३६४. ज्याच्या घरात भार जास्त तो अंधारात, ज्याच्याकडे कमी त्याची उपकरणं जळतात. गंमत म्हणजे दुसऱ्याने घाबरून टीव्ही बंद केला की उरलेल्या दिव्यांवर व्होल्टेज आणखी चढतं.

एमसीबी इथे पडेलच असं नाही. तो जादा करंट बघतो, जादा व्होल्टेज त्याला कळत नाही. गळणाऱ्या करंटवर पडणारा आरसीसीबीही गप्प राहतो, कारण घरात जेवढा करंट आला तेवढाच बाहेर गेला. त्यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण लावावं लागतं.

ओळखायची खूण अशी: एक मोठं उपकरण लावलं की काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा लख्ख होतात. हे दिसलं की एकेक बटण बंद करत बसू नका, थेट मेन स्विच पाडा आणि वीज पुरवणाऱ्यांना कळवा. खांबावरच्या न्यूट्रलला हात लावायचा नाही. तुटलेल्या न्यूट्रलच्या घराकडच्या टोकावर फेजएवढं व्होल्टेज असू शकतं.

न्यूट्रलमधूनही करंट जातो, मग तिचा शॉक का बसत नाही?

ती रोहित्राशी जमिनीला जोडलेली असते, आणि तुम्हीही जमिनीवरच उभे असता. दोघांत फरक काही व्होल्टचाच. पण वर सांगितलं तसं, हे न्यूट्रल शाबूत असेपर्यंतच खरं. म्हणून चाचणी न करता तिला निर्धास्तपणे धरणारा वायरमन मला शहाणा वाटत नाही. सॉकेटमधलं तिसरं, मोठं भोक अर्थचं. त्यातून एरवी काहीच वाहायला नको. उपकरणाच्या धातूच्या अंगाला फेज लागली तरच ती वाट कामाला येते.

सॉकेट गरम होतं आणि कडेला तपकिरी डाग पडला आहे. उपकरण खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. प्लगची पिन आणि आतली पितळी पकड यांच्यातला स्पर्श ढिला झालेला असतो. चांगल्या स्पर्शाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागात मोजतात. ढिला पडून तो ०.२ ओहम झाला असं धरा. फोन चार्जरला काहीच फरक पडणार नाही. पण १० ॲम्पिअर घेणारा हीटर लावलात की १० चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे २० वॅट, प्लास्टिकच्या त्या एवढ्याशा पोकळीत तापत राहतात. तापलं की पितळेची स्प्रिंग आणखी ढिली पडते, रोध आणखी वाढतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट १०च आहे.

हीटर दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट न लावता हात जवळ नेऊन बघा. एकच पिन जास्त तापली असेल तर दोष सॉकेटच्या त्याच पकडीत किंवा तिच्या मागच्या स्क्रूमध्ये आहे. स्क्रू आवळून पाहता येतो, अर्थात मेन बंद करून. पण पकड एकदा भाजली की तिचा ताण परत येत नाही. सॉकेट बदलायचं, आणि त्यात नेहमी लागणारा प्लगही काळा पडला असेल तर तोही, नाहीतर नवी पकड महिनाभरात तशीच होते.